सेल चालू असताना दुपारी ऑर्डर्स अचानक पडतात? डिस्काउंट वाढवायच्या आधी हे चार आकडे बघा

आमचं सोलापुरात चादरी, टॉवेल, नॅपकिनचं दुकान आहे आणि सोबत स्वतःची वेबसाइट आहे, वूकॉमर्सवर चालते. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही बारा तासांचा फ्लॅश सेल लावतो, दुपारी १२ ते रात्री १२. आणि जवळजवळ प्रत्येक सेलला एकच प्रॉब्लेम यायचा. पहिले दोन तास ऑर्डर्स धडाधड येतात, मग दोन-अडीचच्या सुमाराला एकदम मंदावतात, आणि मग आमच्याकडे सगळे टेन्शनमध्ये येऊन काहीतरी करायला लागतात. कोणी म्हणतं जाहिरातीचं बजेट वाढव, कोणी म्हणतं अजून दहा टक्के सोड, दादा (माझा चुलतभाऊ, हिशेब तोच बघतो) म्हणतो थांबा जरा, लोक जेवून झोपलेत.

ज्यांच्याकडे असंच होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्हाला यातलं खरं कारण सापडायला तीन सेल लागले, आणि मधल्या काळात आम्ही बऱ्यापैकी पैसे फुकट घालवले.

आधी चूक काय होती ते सांगतो. आम्ही सेलच्या दिवशी एकच आकडा बघत बसायचो, आजची एकूण विक्री. मोबाइलवर अॅप उघडायचं, रुपये बघायचे, पाच मिनिटांनी परत बघायचे. हा आकडा फक्त वरच जातो, त्यामुळे तासाभरात काय बिघडलं ते त्यात दिसतच नाही, आणि दिसलं तरी कुठे बिघडलं ते कळत नाही. गिऱ्हाईक पेजवर येतं, वस्तू बघतं, कार्टात टाकतं, पैसे भरतं, या चार पायऱ्यांपैकी कुठलीही तुटली तरी शेवटी विक्रीच कमी दिसणार. डिस्काउंट हा फक्त एका पायरीवरचा उपाय आहे, वस्तू बघितली पण कार्टात टाकली नाही त्या पायरीवरचा. पैसे भरायची पायरी तुटली असेल तर तुम्ही पन्नास टक्के सोडा नाहीतर साठ, काहीही फरक पडणार नाही, उलट ज्यांचं पेमेंट होतंय त्यांना विनाकारण स्वस्तात जातं.

आता आम्ही दर अर्ध्या तासाला चार आकडे लिहितो, गूगल शीटमध्ये, हाताने. डॅशबोर्ड बनवायच्या भानगडीत पडलो नाही. हाताने लिहिताना माणूस आकड्याकडे बघतो, नुसता आलेख असला की नजर फिरून जाते, हा माझा अनुभव.

पहिला आकडा, किती वेळा वस्तू बघितली आणि त्यातली किती वेळा कार्टात टाकली. हे गूगल अॅनालिटिक्सच्या रिअलटाइम रिपोर्टमधून घ्यायचं. साधे रिपोर्ट सेलच्या दिवशी उपयोगाचे नाहीत, त्यांचा डेटा पूर्ण व्हायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. रिअलटाइममध्ये मागच्या तीस मिनिटांचं दिसतं, तिथे इव्हेंटच्या नावांचा तक्ता असतो, त्यात `view_item` आणि `add_to_cart` हे दोन आकडे अर्ध्याला आणि पूर्णला बरोबर टिपायचे. दोन अर्ध्या तासांची बेरीज केली की तासाचा आकडा. इथे एक लक्षात ठेवा, इव्हेंटची बेरीज चालते, माणसांची चालत नाही, कारण एकच बाई दोन्ही अर्ध्या तासांत साइटवर असू शकते, म्हणून युजर्सचा आकडा आम्ही घेतच नाही.

दुसरा आकडा, ऑनलाइन पेमेंटच्या जेवढ्या ऑर्डर्स टाकल्या गेल्या त्यातल्या किती यशस्वी झाल्या. सगळ्यात महत्त्वाचा हाच.

तिसरा, पक्क्या झालेल्या ऑर्डर्समध्ये कॅश ऑन डिलिव्हरीचा वाटा किती.

चौथा, सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा वस्तूंचा उरलेला स्टॉक किती तास पुरेल.

बाकी काहीही बघायचं नाही. सरासरी ऑर्डर किती रुपयांची, इन्स्टाग्रामवर किती लाइक, नवीन गिऱ्हाईक किती, हे सगळं दुसऱ्या दिवशी चहा पिताना बघा. सेल चालू असताना ज्या आकड्यावरून तुम्ही पुढच्या दहा मिनिटांत काही बदलू शकत नाही तो आकडा समोर ठेवलात तर नुसती घालमेल होते.

दुसरा आणि तिसरा आकडा आम्ही थेट डेटाबेसमधून काढतो. आमच्या डेव्हलपरने ही क्वेरी करून दिली, तुमच्याकडे ऑर्डर्स नवीन `wp_wc_orders` टेबलमध्ये असतील तर तारखा बदलून जशीच्या तशी चालेल. जुनं स्टोअर असेल आणि ऑर्डर्स अजून `wp_posts` मध्येच साठत असतील तर नाही चालणार, तेवढं आधी तपासा. टेबलच्या नावाआधीचं `wp_` पण कुणाकुणाकडे वेगळं असतं.

```sql
SELECT HOUR(DATE_ADD(date_created_gmt, INTERVAL 330 MINUTE)) AS taas,
       payment_method,
       COUNT(*) AS ekun,
       SUM(status IN ('wc-processing','wc-completed')) AS pakkya
FROM wp_wc_orders
WHERE type = 'shop_order'
  AND status <> 'wc-checkout-draft'
  AND date_created_gmt >= '2025-10-04 06:30:00'
  AND date_created_gmt < '2025-10-04 18:30:00'
GROUP BY taas, payment_method
ORDER BY taas;
```

यात दोन गोष्टींवर आम्ही आधी ठेचकाळलो. एक म्हणजे ते ३३० मिनिटं. डेटाबेसमधली वेळ ग्रीनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि त्यातला अर्धा तास फार त्रास देतो. ते ३३० मिनिटं न मिळवता तासाप्रमाणे मोजलंत तर तुकडे साडेबारा ते दीड, दीड ते अडीच असे पडतात, म्हणजे सेलचा पहिला जोरदार अर्धा तास भलत्याच ढिगात जातो आणि शीटमधल्या बाकी आकड्यांशी काही जुळत नाही. दुसरी गोष्ट ती `wc-checkout-draft`. नवीन ब्लॉकवाल्या चेकआउटमध्ये गिऱ्हाइकाने चेकआउटचं पान नुसतं उघडलं तरी एक कच्ची ऑर्डर तयार होते, ती मोजलीत तर यशाचं प्रमाण उगाचच भयंकर दिसतं आणि तुम्ही घाबरून गेटवेवाल्याला फोन लावता.

आता खरी गोष्ट. दिवाळीआधीच्या एका शनिवारचा सेल. पहिल्या तासात, म्हणजे बारा ते एक, वस्तू ३,१२० वेळा बघितल्या गेल्या, ३४३ वेळा कार्टात टाकल्या, म्हणजे ११ टक्के. ऑनलाइनच्या ८१ ऑर्डर्स टाकल्या गेल्या, त्यातल्या ६६ पक्क्या, ८१ टक्के. कॅशच्या २३. एकूण ८९ पक्क्या ऑर्डर्स आणि कॅशचा वाटा २६ टक्के. एक ते दोनमध्ये थोडं कमी, ७५ पक्क्या ऑर्डर्स, पण प्रमाणं सगळी तशीच. ऑनलाइन ६८ पैकी ५४, कॅश २१.

दोन ते तीनमध्ये ५६ ऑर्डर्स. पंच्याहत्तरवरून छप्पन्न. दादा म्हणाला दुपार आहे, होतं असं. आणि खरं सांगायचं तर विक्रीच्या रकमेवरून मलाही तेच वाटलं असतं, कारण पाव हिस्सा कमी होणं दुपारी काही विशेष नाही.

पण शीटमध्ये असं होतं बघा. वस्तू बघितल्या २,४१०, कार्टात टाकल्या २६२, प्रमाण १०.९ टक्के, म्हणजे लोक येतायत, बघतायत, उचलतायत, किंमत त्यांना पटतेय. ऑनलाइनच्या ऑर्डर्स ४७, पक्क्या २२. ४७ टक्के! आणि कॅशच्या ऑर्डर्स २१ वरून ३४. कॅशचा वाटा २८ वरून एकदम ६१ टक्के.

इथे आम्हाला जी गोष्ट कळली ती माझ्या मते या सगळ्यात मोलाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आम्ही त्या तासातली एक कॅशची ऑर्डर उघडली आणि उजव्या बाजूला ऑर्डरच्या नोट्स असतात त्या वाचल्या. पुण्याची एक गिऱ्हाईक, दोन डबल बेड चादरी. २:१४ ला पेमेंट फेल झाल्याची नोट. २:१९ ला परत फेल. २:२३ ला नोट आहे `Payment to be made upon delivery.` म्हणजे त्या बाईंनी दोनदा यूपीआयने पैसे भरायचा प्रयत्न केला, नाही झालं, आणि शेवटी कंटाळून कॅश निवडलं. वूकॉमर्स अशा वेळी नवीन ऑर्डर बनवत नाही, कार्ट तीच असेल तर तीच ऑर्डर पुढे चालवतं आणि तिच्यावरची पेमेंटची पद्धत बदलून टाकतं. त्यामुळे ती ऑर्डर ऑनलाइनच्या फेल झालेल्यांत मोजली जात नाही, ती गुपचूप कॅशच्या पक्क्या ऑर्डर्समध्ये जाऊन बसते. आम्ही मग त्या तासाच्या सगळ्या ३४ कॅश ऑर्डर्स उघडून बघितल्या, त्यातल्या १५ जणांच्या नोट्समध्ये आधी यूपीआय फेल झाल्याची नोंद होती.

म्हणजे पेमेंटचा बिघाड विक्रीच्या रकमेत अर्धामुर्धाच दिसतो, कारण हट्टी गिऱ्हाईक कॅशवर जाऊन तुमची विक्री सावरून धरतं. जी हट्टी नाहीत ती निघून जातात आणि ती कुठेच दिसत नाहीत. म्हणून दुसरा आणि तिसरा आकडा कायम जोडीने वाचा. ऑनलाइनचं यश घसरलं आणि त्याच तासात कॅशचा वाटा वाढला तर पेमेंटमध्येच बिघाड आहे असं धरून कामाला लागा. ऑनलाइनचं यश जसंच्या तसं आहे आणि कॅश वाढतेय तर तो वेगळा विषय, त्यावर खाली येतो.

मग आम्ही गेटवेच्या डॅशबोर्डवर गेलो. तिथे फेल झालेल्या पेमेंटची कारणं बघायची आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, सगळ्या बँकांचं फेल होतंय की एकाच बँकेचं? यूपीआयमध्ये दोन जातीचे नकार असतात. चुकीचा पिन, खात्यात पैसे नाहीत, मर्यादा संपली, हे बिझनेस डिक्लाइन, हे रोजच असतात आणि त्याला आपण काही करू शकत नाही. सर्व्हर उत्तर देत नाही, वेळ संपली, हे टेक्निकल डिक्लाइन. एकाच बँकेचे टेक्निकल डिक्लाइन वाढले असतील तर त्या बँकेकडे काहीतरी झालंय, चेकआउटवर एक ओळ टाका की अमुक बँकेचं यूपीआय सध्या अडकतंय, दुसरं खातं किंवा कार्ड वापरा, आणि गप्प बसा. सगळ्या बँकांचं एकदम व्हायला लागलं तर बिघाड बहुधा गेटवेकडे किंवा आपल्याच साइटवर आहे. आमच्या केसमध्ये सगळ्या बँकांचं होत होतं, पण फक्त मोबाइलवर, जिथे बटण दाबल्यावर पेमेंटचं अॅप उघडतं तिथे. लॅपटॉपवर क्यूआर स्कॅन करणाऱ्यांचं व्यवस्थित होत होतं. म्हणजे अॅप उघडून परत येण्याच्या वाटेतच काहीतरी तुटलं होतं आणि ते गेटवेच्या बाजूला होतं.

आमच्याकडे दुसरा गेटवे मंजूर होऊन बंद ठेवलेला होता. २:५० ला तो चालू केला आणि पहिला बंद केला. तीन ते चारमध्ये ऑनलाइन ६१ पैकी ४९ पक्क्या, ८० टक्के, कॅश २०, एकूण ६९. एक रुपयाही जास्तीचा डिस्काउंट न देता. दुसरा गेटवे सेलच्या दिवशी मिळत नाही हे मात्र ध्यानात असू द्या, कागदपत्रं आणि मंजुरीला दिवस जातात, म्हणून तो आधी घेऊन, एक-दोन रुपयांचं खरं पेमेंट करून बघून, मग बंद करून ठेवायचा. टेस्ट मोडमध्ये चाललं म्हणजे खरं चालेल असं नसतं.

त्या रात्री मला झोप लागेना म्हणून तीच क्वेरी मी राखीपौर्णिमेच्या सेलच्या तारखा टाकून चालवली. त्या सेललाही दुपारी दोन ते तीनमध्ये कॅशचा वाटा ५५ टक्के होता आणि ऑनलाइनचं यश पन्नासच्या खाली. तेव्हा आम्ही काय केलं होतं? तीन वाजता डिस्काउंट पंचवीसवरून पस्तीस टक्के केला होता. चारनंतर ऑर्डर्स परत वाढल्या आणि आम्ही समजलो की डिस्काउंटने काम केलं. प्रत्यक्षात गेटवे आपोआप दुरुस्त झाला होता. तीन ते बारा मिळून तेव्हा ३८० ऑर्डर्स होत्या, सरासरी छापील किंमत साधारण १,५०० धरली तर ऑर्डरमागे १५० रुपये, म्हणजे ५७,००० रुपये आम्ही असेच सोडून दिले. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यातून चुकीचा धडा शिकलो, की दुपारी पडलं की दहा टक्के वाढवायचं. तुमच्याकडे जुन्या सेलचा डेटा असेल तर हे एकदा नक्की करून बघा.

आता, किती पडलं की हलायचं? कारण आकडे थोडेफार वरखाली होतच असतात आणि प्रत्येक वेळी धावत सुटलात तर रात्रीपर्यंत तुम्ही स्वतःच सेल बिघडवाल. आम्ही दोन गोष्टी ठरवल्यात.

एक, तुलना मागच्या तासाशी करायची नाही, मागच्या सेलच्या त्याच तासाशी करायची. आमच्याकडे बारा ते दोन जोर असतो, तीन ते सहा ढिलं, आणि रात्री नऊ ते अकरा सगळ्यात मोठा जोर, जेवणं आटोपून लोक फोन घेऊन बसतात तेव्हा. चार वाजताच्या ऑर्डर्स एक वाजताशी ताडून बघितल्या तर रोजच संकट दिसेल. प्रमाणं मात्र, म्हणजे कार्टाची टक्केवारी आणि पेमेंटची टक्केवारी, दिवसभर फारशी हलत नाहीत, म्हणून ती आम्हाला जास्त भरवशाची वाटतात. वर सांगितल्यासारखं मागच्या सेलमध्येही तोच बिघाड असेल तर तासाच्या ऑर्डर्सची तुलना फसवी ठरते, तेव्हाही प्रमाणंच वाचवतात.

दोन, छोट्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. समजा तुमचं नेहमीचं यश ८० टक्के आहे आणि अर्ध्या तासात २० ऑनलाइन ऑर्डर्स आल्या. १६ पक्क्या व्हायला पाहिजेत. १४ झाल्या, १३ झाल्या तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो, काही करू नका, पुढच्या अर्ध्या तासाशी मिळवून बघा. १२ किंवा खाली गेलं तर मात्र गेटवेचा डॅशबोर्ड उघडा. आमच्या त्या तासात ४७ पैकी ३८ च्या आसपास व्हायला हव्या होत्या आणि झाल्या २२, एवढा फरक योगायोगाने पडत नाही. दहापेक्षा कमी ऑर्डर्स असतील तर टक्केवारी काढूच नका, सरळ फेल झालेल्या ऑर्डर्स उघडून नोट्स वाचा, छोट्या दुकानाला तेच जास्त उपयोगी पडतं.

पेमेंटसाठी आम्ही दुसऱ्या अर्ध्या तासाची वाट बघत नाही, पुरेशा ऑर्डर्स असून ६० टक्क्यांच्या खाली गेलं की लगेच हलायचं. कार्टाच्या टक्केवारीसाठी मात्र सलग दोन अर्धे तास तिसऱ्या हिश्श्याने पडली तरच हात लावायचा, कारण नवीन जाहिरात सुरू झाली, कुठल्या ग्रुपवर लिंक गेली, की नुसतं बघणारे लोक येतात आणि टक्केवारी तात्पुरती खाली जाते.

कार्टाची टक्केवारी खरंच पडली तर डिस्काउंटकडे वळायच्या आधी पेज स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा, लॉगिन न करता, वायफाय बंद करून. आमच्याकडे दोनदा असं झालं की वरच्या रांगेतल्या चारपैकी तीन वस्तू संपल्या होत्या. जाहिरातीत मरून चादरीचा फोटो, पेजवर आल्यावर मरून चादर संपलेली, माणूस परत जातो. एकदा तर साइटने साठवून ठेवलेल्या जुन्या पानामुळे, म्हणजे साइटच्या कॅशेमुळे, पेजवर जुनीच किंमत दिसत होती आणि आत गेल्यावर सेलची, आम्ही अॅडमिनमध्ये लॉगिन असल्याने आम्हाला ताजं पान दिसायचं, गिऱ्हाइकाला शिळं.

म्हणून तो चौथा आकडा, स्टॉक किती तास पुरेल. साधा भागाकार, उरलेले नग भागिले मागच्या तासात खपलेले नग. चार वाजता आमच्या मरून डबल बेडचे २६ नग होते आणि तासाला ९ जात होते, म्हणजे तीन तास, सात वाजता संपणार. सेल बारापर्यंत आणि मोठा जोर नऊला. अशा वेळी ती वस्तू संपायची वाट बघायची नाही, साडेचारलाच तिला वरच्या रांगेतून खाली घेतली, तिच्या जागी निळी आणली जिचे शंभरच्या वर नग होते, आणि संध्याकाळच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये फोटो निळीचा टाकला. मरून तरीही खपली, हळूहळू, रात्री दहापर्यंत पुरली. आमचा साधा नियम असा आहे की उरलेला स्टॉक सेलच्या उरलेल्या तासांच्या निम्मा वेळही पुरणार नसेल तर ती वस्तू पुढून मागे घ्यायची.

स्टॉकमध्ये अजून एक खाचखळगा आहे जो पेमेंटच्या बिघाडाबरोबरच येतो. अडीचच्या सुमाराला फोन यायला लागले की पेजवर वस्तू आहे म्हणतंय, कार्टात जातेय, पण चेकआउटला स्टॉक नाही म्हणतंय. पॅकिंगच्या मावशी फोनवर सांगत होत्या, अहो आमच्यासमोर ढीग पडलाय. आणि ढीग खरंच होता. झालं असं की वूकॉमर्समध्ये `Hold stock (minutes)` नावाचं सेटिंग आहे, `WooCommerce → Settings → Products → Inventory` मध्ये, आणि ते मुळात ६० वर असतं. पैसे भरायला गेलेल्या पण अजून पेंडिंग असलेल्या ऑर्डरसाठी तेवढी मिनिटं नग राखून ठेवला जातो. एरवी ठीक आहे. पण पेमेंट अडकून ऑर्डर्स पेंडिंगमध्ये साठायला लागल्या की एकेक ऑर्डर एकेक नग तासभर अडवून बसते, नऊ नग शिल्लक आणि नऊही अडवलेले. सेलसाठी आम्ही ते आता आदल्या रात्री १५ वर आणतो. त्याच्याही खाली नेऊ नका, काही लोक यूपीआयचं पेमेंट दहा मिनिटांनी पूर्ण करतात, तोवर ऑर्डर रद्द झालेली असली तर पैसे आले आणि ऑर्डर नाही असा घोळ होतो. आणि सेल चालू असताना हे बदललं तरी आधी अडवलेले नग लगेच सुटतील असं नाही, घाई असेल तर त्या अडकलेल्या ऑर्डर्स हाताने रद्द कराव्या लागतात, पण रद्द करायच्या आधी प्रत्येकीचं गेटवेवर तपासा की पैसे खरंच आले नाहीत ना.

हे तपासणं वेगळंही करायचं असतं. दर तासाला गेटवेवर यशस्वी पेमेंट किती आणि साइटवर ऑनलाइनच्या पक्क्या ऑर्डर्स किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. एक-दोनचा फरक चालतो. गेटवेकडे जास्त आणि साइटवर कमी, आणि फरक वाढतच चालला, तर पेमेंट होतंय पण त्याचा निरोप साइटपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे वेबहुक अडकलाय. अशा वेळी गेटवे बदलून काही होत नाही, डेव्हलपरला फोन करा, बऱ्याचदा सिक्युरिटी प्लगइन किंवा होस्टिंगच्या फायरवॉलने तो अडवलेला असतो, आणि तोवर त्या ऑर्डर्स हाताने प्रोसेसिंगमध्ये घ्या.

फोनवर बसणाऱ्याला हा फरक समजावून ठेवा. पैसे कापले पण ऑर्डर नाही असं गिऱ्हाईक म्हणालं आणि गेटवेवर पेमेंट यशस्वी दिसतंय, तर पैसे आपल्याकडे आलेत, ऑर्डर पक्की करायची नाहीतर रिफंड आपणच द्यायचा. गेटवेवर फेल दिसतंय तर पैसे बँकेच्या बाजूला अडकलेत, आणि दुकानाच्या यूपीआय पेमेंटमध्ये असं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला एवढं शांतपणे सांगितलं की निम्मे वैतागलेले फोन तिथेच मिटतात. “बघतो” म्हणून ठेवून देऊ नका, माणसाचे दोन हजार अडकलेले असतात.

आता कॅशचं राहिलं. ऑनलाइनचं यश नीट आहे आणि तरी रात्री कॅशचा वाटा चाळीसच्या वर चालला, तर आम्ही ३,००० रुपयांवरच्या ऑर्डरला कॅश बंद करतो आणि एकाच पत्त्यावर किंवा एकाच नंबरवर तीनपेक्षा जास्त कॅश ऑर्डर्स असतील तर फोन करून विचारतो. परत आलेल्या पार्सलचा जायचा-यायचा दोन्ही खर्च आपल्याच गळ्यात पडतो आणि सेलच्या किमतीत तेवढी फट नसते. ज्या १५ जणांनी यूपीआय फेल झाल्यामुळे कॅश निवडलं होतं त्यांना आम्ही साडेतीन वाजता पेमेंटची लिंक पाठवली, सोबत साधा मेसेज, “मघाशी आमच्या बाजूने पेमेंट अडकत होतं, आता चालू झालंय, हवं असल्यास इथे भरा, नाहीतर घरी आल्यावर दिलेत तरी चालेल.” नऊ जणांनी भरले. पुण्याच्या त्या बाईंनी पण.

शेवटी एक, सेल बाराला बंद झाला तरी शीट साडेबारापर्यंत चालू ठेवा. ११:५५ ला टाकलेल्या ऑर्डर्सची पेमेंट्स बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांपर्यंत येत राहतात, आणि तेवढ्यात कोणी पेंडिंग साफ करायला गेलं की त्याच शेवटच्या ऑर्डर्स हातातून जातात. आम्ही साडेबाराला पेंडिंगची यादी गेटवेशी एकदा ताडून बघतो, ज्यांचे पैसे आलेत त्या पक्क्या करतो, आणि मगच बाकीच्या रद्द करतो.